टोटल स्टेशनच्या दोन फेसच्या वाचनांत ३६ सेकंदांचा फरक : मोजणीला जावे की यंत्र परत करावे?

कातळवाट
नमस्कार. येत्या सोमवारपासून मुळशी तालुक्यातल्या एका डोंगरउतारावरच्या साधारण सात एकर जमिनीची तपशीलवार मोजणी सुरू करायची आहे. माझे स्वतःचे टोटल स्टेशन दुरुस्तीला गेल्यामुळे पाच सेकंदांचे एक यंत्र भाड्याने आणले आहे, आणि त्याच यंत्राने गेल्या आठवड्यात मी जमिनीभोवती आठ स्टेशनांचा बंद ट्रॅव्हर्स करून घेतला. घाईमुळे त्याची सर्व वाचने फक्त फेस लेफ्टला घेतली, ही माझी चूक मी आधीच कबूल करते.

काल घराजवळच्या मैदानात सवड काढून दोन फेसची तपासणी केली. प्रिझमच्या मध्यावर फेस लेफ्टला आडवा कोन ४५°१२′१८″ आला आणि दुर्बीण उलटवून फेस राइटला २२५°१२′५४″ आला. म्हणजे १८० अंश वजा केल्यावर ३६ सेकंदांचा फरक उरतो. उभ्या कोनाची वाचने ८९°१४′२२″ आणि २७०°४६′०२″ अशी होती, त्यांची बेरीज ३६०°००′२४″ होते. यंत्राच्या मेन्यूतून कॅलिब्रेशन करून पुढे जावे की यंत्र परत करावे? आणि गेल्या आठवड्याचा ट्रॅव्हर्स पुन्हा करावा लागेल का?

तिपाई
परत करा. पाच सेकंदांचे यंत्र म्हणजे फरक पाच सेकंदांच्या आतच यायला हवा. छत्तीस सेकंद म्हणजे ते यंत्र कुणाच्या तरी हातून पडलेले आहे.

अंशमिनिटसेकंद
तिपाई, तो पाचाचा आकडा कोलिमेशनची मर्यादा सांगत नाही. दोन्ही फेसना वाचून सरासरी काढलेली एक दिशा किती विश्वासार्ह असते, हे तो सांगतो. सरासरी काढताना कोलिमेशनची चूक आपोआप नाहीशी होते, त्यामुळे तीस सेकंदांची कोलिमेशन चूक असलेले यंत्रही पाच सेकंदांचे असू शकते. ती चूक स्थिर असली, की काम भागते.

कातळवाट, आपण घेतलेला ३६ सेकंदांचा फरक हा चुकीच्या दुप्पट असतो, म्हणजे कोलिमेशनची चूक १८ सेकंद निघते. तसेच बेरजेवरचे जादा २४ सेकंद निम्मे केले, की उभ्या वर्तुळाची इंडेक्स चूक १२ सेकंद येते. परंतु या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी कळवा : प्रिझम किती अंतरावर होता, आणि पोल कुणी धरला होता?

जुना_ट्रान्झिट
माझी पस्तीस वर्षे ट्रान्झिट थिओडोलाइटवर गेली, म्हणून नम्रपणे एक दुरुस्ती सुचवतो. फरकाचा चौथा भाग घ्यायचा असतो, निम्मा नव्हे. आम्ही मागच्या खुंटावर दुर्बीण लावायचो, ती उलटवून पुढे एक खूण करायचो, मग यंत्र फिरवून दुसऱ्या फेसने पुन्हा मागच्या खुंटावर यायचो, परत उलटवून दुसरी खूण करायचो. दोन खुणांमध्ये जेवढे अंतर पडेल, त्याच्या चौथाईइतकी क्रॉसहेअर सरकवायची. आमच्या वरिष्ठांनी छडी घेऊन शिकवले आहे, ते चुकीचे कसे असेल? छत्तीसची चौथाई नऊ.

अंशमिनिटसेकंद
काका, आपली चौथाई बरोबर आहे, पण ती आपल्या पद्धतीची आहे. आपण प्रत्येक वेळी दुर्बीण उलटवून समोर खूण करता, तेव्हा ती खूण खऱ्या रेषेपासून चुकीच्या दुपटीने सरकते. दुसरी खूण तेवढीच विरुद्ध बाजूला सरकते, म्हणून दोन खुणांमध्ये चौपट अंतर पडते. कातळवाट यांनी एकाच लक्ष्याकडे दोन फेसने पाहून वर्तुळ वाचले आहे. त्यात एक फेस चुकीइतका उजवीकडे आणि दुसरा तेवढाच डावीकडे जातो, त्यामुळे फरक फक्त दुप्पट असतो. चूक खरोखर १८ सेकंदांची असेल, तर आपल्या पद्धतीने १०० मीटरवरच्या दोन खुणांमध्ये ७२ सेकंद, म्हणजे सुमारे साडेतीन सेंटिमीटर अंतर दिसेल. त्याची चौथाई घेतली, की पुन्हा १८ सेकंदच येतात.

जुना_ट्रान्झिट
हे पटले. आम्ही वर्तुळ वाचून तपासणी क्वचितच केली. व्हर्नियर वाचता वाचता डोळ्यांत पाणी यायचे, त्यापेक्षा खुंट ठोकणे परवडायचे.

डम्पीलेव्हल
इतका खटाटोप कशाला? साठ मीटर अंतरावर दोन खुंट ठोकावेत, मधोमध यंत्र लावून दोन्हीकडची स्टाफ वाचावी, मग एका खुंटाजवळ यंत्र नेऊन पुन्हा वाचावी. फरक कळतो. मी दर महिन्याला करतो.

तिपाई
डम्पीलेव्हल साहेब, ती लेव्हलची तपासणी झाली. इथे बाई आडव्या कोनाबद्दल विचारत आहेत. आपल्या नावाला जागलात, हे मात्र मान्य करतो.

कातळवाट
सर्वांचे आभार. प्रिझम पंचवीस मीटरवर होता, कारण मैदान तेवढेच मोकळे होते. पोल माझ्या भाच्याने हातात धरला होता. तो अकरा वर्षांचा आहे आणि मधूनच आइसक्रीमवाल्याकडे पाहत होता.

अंशमिनिटसेकंद
मग या प्रकरणातला बराचसा दोष यंत्राकडे नसून आइसक्रीमवाल्याकडे जाण्याची शक्यता आहे. पंचवीस मीटरवर ३६ सेकंद म्हणजे अवघे साडेचार मिलिमीटर. हातात धरलेल्या पोलचे वरचे टोक दोन वाचनांच्या मधल्या मिनिटभरात एवढे सहज हलते. पोलवरचा गोल बुडबुडा मध्यावर दिसत असला तरीही हलते, कारण तो बुडबुडा मुळातच ढोबळ असतो. लक्ष्य जवळ असेल, तर तपासणीत यंत्राची चूक आणि लक्ष्याची हालचाल एकमेकांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

कृपया शंभर मीटरच्या आसपास, यंत्राच्या जवळपास समपातळीवर, ट्रायपॉड आणि ट्रिब्राकवर बसवलेला प्रिझम घ्या. तो तोंडाने यंत्राकडे नीट वळलेला असू द्या, कारण तिरका प्रिझम काचेतून पाहताना मध्यबिंदू सरकलेला दाखवतो. त्यापेक्षा भोवतीच्या टार्गेट प्लेटच्या खुणेवर क्रॉसहेअर लावणे अधिक चांगले. आधी क्रॉसहेअर ठळक दिसेपर्यंत डोळ्याकडचा फोकस लावा, मग डोळा किंचित डावीउजवीकडे हलवून पाहा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर मापन सुरूच करू नका. असे किमान तीन संच घ्या. तिन्ही संचांत एकच आकडा येतो आहे का, हे एका मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

स्क्रूड्रायव्हर
मी दुरुस्तीच्या कामात असल्याने दोन गोष्टी सांगतो. गाडीच्या डिकीतून काढलेले गरम यंत्र लगेच तपासू नका. हवेच्या आणि यंत्राच्या तापमानात जेवढे अंश फरक असेल, त्याच्या दुप्पट मिनिटे थांबा, आणि फरक थोडा असला तरी पंधरा मिनिटे थांबाच. सावलीत ठेवा, नाहीतर उन्हात एका बाजूने तापलेल्या यंत्राची तुम्ही इमानदारीने चुकीची नोंद कराल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मेन्यूतले कॅलिब्रेशन क्रॉसहेअर जागची हलवत नाही. ते चुकीचा आकडा साठवून ठेवते आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करते. त्यामुळे भाच्याच्या हातातल्या पोलवर कॅलिब्रेशन केले असते, तर यंत्राने तो साडेचार मिलिमीटरचा झोका कायमचा स्वतःच्या स्मरणात घेतला असता. माझ्याकडे ‘बिघडलेली’ म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी काही अशीच असतात : यंत्र ठीक असते, साठवलेला आकडा भलताच असतो. म्हणून नवा आकडा मान्य करण्यापूर्वी जुना आकडा वहीत लिहून ठेवा.

बांधावरचा
मी शेतकरी आहे, गणित फारसे कळत नाही, पण धागा वाचून एक शंका आली. आमच्या बांधाची दोनदा मोजणी झाली आणि दोन्ही वेळच्या हद्दीत दीड फुटाचा फरक पडला. बांधाची लांबी दोनशे मीटर आहे. शेजारी म्हणतो, यंत्र सदोष होते. तो हाच दोष असेल का?

अंशमिनिटसेकंद
दादा, तसे वाटत नाही. दोनशे मीटरच्या टोकाला दीड फूट सरकायला कोनात जवळजवळ आठ मिनिटांची चूक लागते. इथे चर्चा चालली आहे ती अठरा सेकंदांची, आणि ती दोनशे मीटरवर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर होते. दीड फुटाचे कारण बहुधा दोन्ही वेळी आधाराला घेतलेल्या खुणा वेगवेगळ्या असण्यात, किंवा जुन्या नकाशावरची रेघ जमिनीवर उतरवण्यात असते. नकाशा १:५००० या प्रमाणाचा असेल, तर कागदावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवर अडीच मीटर होतो. दोन्ही मोजण्यांच्या क प्रती शेजारीशेजारी ठेवून आधी कोणती पक्की चिन्हे धरली होती, ते विचारा.

बांधावरचा
विचारतो. शेजारी मात्र आठ मिनिटांवर समाधानी होईल असे वाटत नाही.

तिपाई
तरीही माझा एक अनुभव सांगतो, म्हणजे मी उगाच संशयी नाही हे कळेल. मागे एका यंत्रावर मी आडवा क्लॅम्प घट्ट केला आणि दुर्बीण फक्त वर उचलली. आडवे वाचन आपोआप बदलत गेले! वर जावे तसे अधिक बदलत होते. क्लॅम्प घसरत असल्याचे सांगून मी यंत्र परत केले, तर मालकाने माझ्याकडेच विचित्र नजरेने पाहिले.

स्क्रूड्रायव्हर
त्या मालकाची बाजू मी घेतो. क्लॅम्प घसरत नव्हता, यंत्र साठवलेली चूक वजा करत होते. कोलिमेशनची चूक आडव्या कोनात सर्व उंचीवर सारखी उतरत नाही, दुर्बीण जितकी तिरकी तितकी ती वाढते : साठ अंश वर पाहिले की दुप्पट. दुर्बिणीचा आडवा कणा कलता असेल, तर त्याचा परिणाम समपातळीवर शून्य असतो आणि वर जाताना तोही वाढतो. शिवाय कॉम्पेन्सेटर यंत्राचा उभा अक्ष किती कलला आहे ते मोजून त्याचीही भरपाई करतो. हे सारे दुर्बिणीच्या तिरकेपणावर अवलंबून असल्याने ती उचलताना आकडा सरकणारच. दुरुस्त्या बंद करून तीच कृती केली असती, तर आकडा जागचा हलला नसता.

यावरून एक पथ्य निघते. पूर्वीसारखी मागच्या खुंटावर दुर्बीण लावून, क्लॅम्प न सोडता, उलटवून पुढे रेषा वाढवू नका. दुरुस्ती फक्त आकड्यावर होते, क्रॉसहेअरवर होत नाही. मागे शून्य ठेवले असेल, तर उलटवल्यावर पडद्यावर नेमके १८०°००′००″ येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवा, मगच खुंट ठोका.

जुना_ट्रान्झिट
हे मात्र मला माहीत नव्हते. गेल्या वर्षी पुतण्याच्या टोटल स्टेशनवर मी ऐटीत दुर्बीण उलटवून कुंपणाची रेषा वाढवून दिली होती. ते कुंपण आता पुन्हा एकदा पाहून यावे म्हणतो.

कातळवाट
आज सकाळी साडेसात वाजता पुन्हा तपासणी केली. अंतर ११० मीटर, ट्रायपॉडवरचा प्रिझम, यंत्र झाडाखाली वीस मिनिटे ठेवलेले, कॉम्पेन्सेटर चालू. आडव्या कोनाचा फरक तीन संचांत १४, १० आणि १३ सेकंद आला. म्हणजे सरासरी साधारण १२, आणि चूक सहा सेकंद. उभ्या कोनांची बेरीज मात्र पुन्हा ३६० अंशांवर २४, २५ आणि २३ सेकंद जादा आली. म्हणजे आइसक्रीमवाला आडव्या कोनापुरताच दोषी होता, आणि १२ सेकंदांची इंडेक्स चूक खरी आहे, असे मी समजते. बरोबर का? ट्रॅव्हर्सचे काय करू?

अंशमिनिटसेकंद
अगदी बरोबर. पोल झुकला, की प्रिझम आडवा लगेच सरकतो, पण त्याची उंची जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून आपली आडवी तपासणी बिघडली आणि उभी टिकली.

ट्रॅव्हर्सचे दोन भाग करून पाहू. आडवा कोन हा पुढच्या आणि मागच्या दिशेतला फरक असतो, आणि दोन्ही दिशांत एकाच फेसची सहा सेकंदांची चूक असल्याने ती वजाबाकीत जाते. दोन्हीकडचा चढउतार दहाबारा अंशांचा असेल, तर उरणारी चूक सेकंदाच्या दशांशातही नसते. ती चूक खरोखर अठरा सेकंदांची असती आणि पुढचे स्टेशन तीस अंश वर असते, तरीही कोनात तीन सेकंदांहून कमीच फरक पडला असता. एका फेसने वाचणे ही चांगली सवय नव्हे, कारण ढोबळ चूक पकडायला दुसरे वाचन उरत नाही. पण कोलिमेशनपायी आडवा ट्रॅव्हर्स पुन्हा करण्याची गरज मला दिसत नाही.

उंचीचे तसे नाही. आपले फेस लेफ्टचे वाचन १२ सेकंदांनी जास्त आहे, म्हणजे प्रत्येक पुढचे स्टेशन खऱ्यापेक्षा किंचित खाली दाखवले गेले असणार, आणि ही चूक प्रत्येक टप्प्यात त्याच दिशेने साठत जाते. शंभर मीटरला सुमारे सहा मिलिमीटर. आपल्या ट्रॅव्हर्सची एकूण लांबी किती, आणि उंची परत पहिल्या स्टेशनवर आल्यावर किती चुकली होती?

कातळवाट
एकूण लांबी ६४० मीटर. पहिल्या स्टेशनची उंची परत आल्यावर ४१ मिलिमीटर कमी निघाली होती. डोंगराळ जागा आहे म्हणून मी ते चालवून घेतले.

अंशमिनिटसेकंद
६४० मीटरवर १२ सेकंद म्हणजे ३७ मिलिमीटर, आणि तेही कमीच! डोंगराला उगाच बोल लागला. उरलेले चार मिलिमीटर यंत्राची आणि प्रिझमची उंची टेपने मोजण्यातले असू शकतात. प्रत्येक स्टेशनवरून आपण मागच्या स्टेशनचा उभा कोनही नोंदवला असेल, तर पुढची आणि मागची उंची यांची सरासरी काढून पाहा. दोन्हीत चूक सारखीच असल्याने ती निघून जाईल आणि जागेवर पुन्हा जावे लागणार नाही.

कातळवाट
सुदैवाने मागचे उभे कोन यंत्रात आहेत. रात्री हिशेब केला. बंद होताना आता पाच मिलिमीटर येतात. माझ्या नशिबापेक्षा यंत्राच्या मेमरीने मला जास्त वाचवले.

तिपाई
मग आता मेन्यूतून कॅलिब्रेशन करून टाका आणि सोमवारी सगळे तपशील एकाच फेसने घ्या. झाडे, विहीर, बांधाचे कोपरे दोनदा वाचत बसलात, तर सात एकरांना आठवडा जाईल.

जुना_ट्रान्झिट
तपशील एका फेसने घ्यावेत, हरकत नाही. पण स्टेशनांवरची आणि हद्दीच्या खुणांवरची वाचने दोन्ही फेसनीच घ्यावीत. हद्दीच्या खुणेवरून उद्या कुणी कोर्टात उभे केले, तर वहीत दुसरा फेस दाखवता आला पाहिजे.

तिपाई
कोर्टात फेस नाही, क प्रत पाहतात.

जुना_ट्रान्झिट
आपण अजून उभे राहिलेला नाहीत, असे दिसते.

स्क्रूड्रायव्हर
वाद चालू द्या, पण एक राहिलेच. समपातळीवरच्या लक्ष्यावर कितीही संच घेतले, तरी दुर्बिणीचा आडवा कणा कलता आहे की नाही हे दिसत नाही. डोंगरउतारावर काम आहे, म्हणून निदान सत्तावीसतीस अंश वर असलेल्या पक्क्या लक्ष्यावर एकदा दोन फेस घ्या. आणि दोन फेस जुळले म्हणजे यंत्र नीट लेव्हल आहे, असे मात्र समजू नका. उभा अक्ष कललेला असेल, तर चूक दोन्ही फेसमध्ये सारखीच येते आणि सरासरीतही तशीच राहते. त्यासाठी बुडबुडा आणि कॉम्पेन्सेटर हेच आपले साक्षीदार.

कातळवाट
कॅलिब्रेशन केले. जुने आकडे वहीत लिहिले, नवे साठवले, आणि पुन्हा ११० मीटरवर तपासले : आडवा फरक २ सेकंद, उभी बेरीज ३६० अंशांवर ३ सेकंद. मग गावाच्या पाण्याच्या टाकीवरची वीजरोधक सळी धरली, सुमारे ३५ अंश वर. तिथे मात्र दोन फेसमध्ये २२ सेकंदांचा फरक आला. काय समजावे?

अंशमिनिटसेकंद
कोलिमेशन साठवून झाले आहे, त्यामुळे फरक कण्याचा धरला, तर २२ चे निम्मे ११, आणि ३५ अंशांवरून मागे हिशेब केला, की कण्याचा कल सोळा सेकंदांच्या आसपास निघतो. मात्र सळी आपल्यापासून आडवी किती दूर होती? आणि संच किती घेतले?

कातळवाट
तीसएक मीटर. संच एकच. वारा होता आणि सळी बारीक हलत होती, हे आता लिहिताना आठवले.

स्क्रूड्रायव्हर
तीस मीटरवर २२ सेकंद म्हणजे तीन मिलिमीटर. भाचा परत आला, असे समजा. सळी सोडा, टाकीच्या काँक्रीटवरचा एखादा पक्का ठिपका धरा आणि तीन संच घ्या. आकडा टिकला, तर मेन्यूत कण्याचेही वेगळे कॅलिब्रेशन असते, पण ते माझ्यासमोर करा असा माझा आग्रह राहील.

कातळवाट
उद्या पहाटे वारा पडलेला असताना घेते आणि इथेच कळवते. भाच्याला या वेळी वही दिली आहे.